ब्रेकियल प्लेक्ससची कोरी शीट: प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

अपर लिंबचा पार्ट कम्प्लिशन महिनाअखेरीस आहे आणि ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्ह्जचं जाळं, तीन वेळा वाचून झालाय, पण परवा मेसमध्ये एका मित्राने सहज विचारलं की थोरॅकोडॉर्सल नर्व्ह कुठून निघते आणि मी भाताचा घास तोंडात तसाच ठेवून बसले. स्लाइड समोर असली की सगळं ओळखीचं वाटतं, स्लाइड काढली की सपाट. म्हणून ठरवलं की मॅडमच्या लेक्चरच्या आकृत्या घेऊन नावं काढून टाकायची आणि स्वतःच भरायची. मॅडमना विचारून पीपीटी घेतली, त्या म्हणाल्या वापर, पण बाहेर फॉरवर्ड करत बसू नकोस. बरोबरच आहे.

सगळ्या अपर लिंबचं करायला बसले तर परीक्षा होऊन जाईल, त्यामुळे आधी फक्त हीच एक आकृती. नर्व्ह्जच नीट येत नाहीत मला, मसल्स त्या मानाने जमतात.

आकृतीवर मोजून ३१ लेबलं आहेत. पाच रूट्स सी५ ते टी१, तीन ट्रंक्स, अँटिरिअर आणि पोस्टिरिअर डिव्हिजन, तीन कॉर्ड्स, हे झाले १३. मग ब्रँचेस १८, त्यातल्या चार क्लॅव्हिकलच्या वरच्या (डॉर्सल स्कॅप्युलर, लाँग थोरॅसिक, सुप्रास्कॅप्युलर, नर्व्ह टू सबक्लेव्हिअस) आणि उरलेल्या १४ खालच्या. मीडियन नर्व्हची दोन मुळं, लॅटरल आणि मेडियल, मी वेगवेगळी लेबलं म्हणून धरलीयेत कारण व्हायवात तिथेच पकडतात असं सीनियर ताई म्हणाली.

४ ऑक्टोबर, रात्री

पहिली शीट झाली. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड डुप्लिकेट केली, प्रत्येक लेबलवर पांढरा चौकोन ठेवला, वर नंबर टाकला, पीडीएफ काढली. अर्धा तास लागला. लगेच भरून बघितली, ३१ पैकी २७. एकदम खूश, रूममेटला दाखवलं, ती म्हणे हे तर तू आत्ताच झाकलेलं आहेस, आठवणार नाही तर काय. तिचं तोंड बंद करायला म्हटलं आठवड्याने परत देते.

(यावर फिजिओवाली मैत्रीण सांगत होती की रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मुलांना उतारे दिले, काहींनी परत परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे लगेचच्या मार्कांवर खूश होण्यात अर्थ नाही. माझे २७ म्हणजे पाच मिनिटांचे मार्क.)

८ ऑक्टोबर

आठवडा कुठला, चारच दिवस झाले. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि रूमवर येऊन बघते तर निम्म्या नर्व्ह्ज गायब. मॅडमच्या स्लाइडमध्ये नर्व्ह्ज पिवळ्या रंगात आहेत, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळा जवळजवळ पांढराच येतो, आर्टरीच्या लाल रंगाचा मात्र जाड काळपट पट्टा आला. कॉर्ड्सपासून पुढे नुसते नंबर हवेत लटकतायत. पेनाने रेषा वरून ओढून कसंबसं भरलं.

१६. ३१ पैकी.

ठीक आहे. आता काळी रेषा ठेवायची, सगळ्या नर्व्ह्ज काळ्या आणि जाडी सारखी, आर्टरी ठेवायची झाली तर तुटक रेषेने. रंग काढल्यावर एक फायदा असाही की पिवळं म्हणजे नर्व्ह आणि लाल म्हणजे आर्टरी ही फुकटची हिंट पण जाते.

९ ऑक्टोबर

आज कळलं की माझी शीट उत्तरं फोडते. ज्या १६ बरोबर आल्या त्या कशा आल्या ते एकेक तपासत बसले, तर तीन गोष्टी सापडल्या.

एक, चौकोनांची लांबी. मी प्रत्येक चौकोन त्याच्या नावाएवढाच काढला होता, त्यामुळे मेडियल क्युटेनिअस नर्व्ह ऑफ फोरआर्मचा चौकोन रेल्वेच्या डब्याएवढा आणि अल्नरचा बोटाएवढा. मी नर्व्ह ओळखतच नव्हते, चौकोन मोजत होते. आता सगळे चौकोन एकाच मापाचे, लांबात लांब नाव हाताने लिहायला पुरेल इतके.

दोन, पीडीएफ मोबाइलवर उघडून नुसतं बोट दाबून धरलं तर चौकोनाखालचं नाव सिलेक्ट झालं. चौकोन वर आहे म्हणून दिसत नाही एवढंच, खाली अक्षरं तशीच आहेत, सर्चमध्ये radial टाकलं की बरोबर त्या जागी जाऊन उभं राहतं. उपाय सोपा आहे, झाकायचं नाही, डुप्लिकेट स्लाइडवरून नाव खरंच डिलीट करायचं आणि मूळ स्लाइड उत्तरपत्रिका म्हणून ठेवायची. Alt+F10 दाबून Selection Pane उघडला की सगळे टेक्स्ट बॉक्स यादीत दिसतात, एकही सुटत नाही. काही स्लाइड्समध्ये आकृती आणि नावं मिळून एकच फोटो असतो, तिथे चौकोनाशिवाय पर्याय नाही, पण तिथे खाली अक्षरं पण नसतात त्यामुळे चालतं.

तीन, आणि ही सगळ्यात वाईट. नंबर मी वरून खाली ओळीने दिले होते, १४, १५, १६ असे, आणि पोस्टिरिअर कॉर्डच्या ब्रँचेस मला नेमोनिकने पाठ आहेत, त्यामुळे मी आकृतीकडे न बघता ओळीने पोपटासारखं भरून टाकत होते. हे आकृती ओळखणं नाही, यादी म्हणणं आहे.

१० ऑक्टोबर

एक शीट मोडून दोन केल्या. शीट अ म्हणजे रूट्सपासून कॉर्ड्सपर्यंतचे १३ आणि वरच्या चार ब्रँचेस, एकूण १७. शीट ब म्हणजे क्लॅव्हिकलच्या खालच्या १४. ३१ एका पानावर घेतले की लीडर लाइन्स एकमेकींना कापतात आणि कुठली रेष कुठे गेली हे शोधण्यातच वेळ जातो. तसं बघितलं तर १७ पण जरा जास्तच आहेत पण शीट अ सोपी आहे, रूट्स तर क्रमानेच असतात.

नंबरांचा क्रम पिसायला लॅपटॉपवर ही एक ओळ चालवते, जो आकडा जिथे येईल तो तिथे:

```
seq 1 14 | shuf
```

विंडोजवर हे थेट चालत नाही, ज्यांच्याकडे नाही त्यांनी सरळ १४ चिठ्ठ्या करा आणि डब्यातून काढा, माझ्या रूममेटने तेच केलं आणि ती माझ्याआधी मोकळी झाली.

शीट ब च्या तीन आवृत्त्या केल्या, तीन वेगळे क्रम. पहिली भरली, १४ पैकी ७. आधीच्या शीटमध्ये याच चौदांपैकी दहा बरोबर होते. म्हणजे तीन मार्क निव्वळ क्रमाचे आणि डब्याच्या लांबीचे होते.

११ ऑक्टोबर

चुकांची वही सुरू केली, मार्क लिहीत नाही, फक्त काय लिहिलं आणि काय हवं होतं ते. दोन दिवसांत चित्र दिसायला लागलं. माझ्या चुका चौदा नाहीत, तीनच आहेत, त्याच त्याच.

पोस्टिरिअर कॉर्डवरून वरून खाली अपर सबस्कॅप्युलर, मग थोरॅकोडॉर्सल, मग लोअर सबस्कॅप्युलर असं येतं, आणि मी दर वेळी दोन्ही सबस्कॅप्युलर शेजारी शेजारी लिहून थोरॅकोडॉर्सल शेवटी ढकलते, कारण नेमोनिकमध्ये अपर आणि लोअर जोडीने येतात. नेमोनिकने नावं दिली पण जागा चुकीची दिली. आता लक्षात असं ठेवलंय की थोरॅकोडॉर्सल मधे असते आणि तिघींत लांब तीच, कारण तिला पार लॅटिसिमस डॉर्सायपर्यंत जायचंय. लोअर सबस्कॅप्युलरला जाता जाता टेरीस मेजर पण सांभाळायचा असतो.

दुसरी चूक मेडियल आणि लॅटरल पेक्टोरलची. आणि तिसरी मेडियल क्युटेनिअस ऑफ आर्म आणि ऑफ फोरआर्म यांची अदलाबदल. इथे मी स्वतःला नियम घातलाय, नुसतं ‘मेडियल क्युटेनिअस’ लिहिलं तर शून्य, अर्धा मार्क नाही, कारण अर्धा मार्क दिला की ती चूक कधी दुरुस्तच होत नाही.

पेक्टोरलचा घोळ ताईने सोडवला. नाव कॉर्डवरून आहे, छातीवरच्या जागेवरून नाही. मेडियल पेक्टोरल मेडियल कॉर्डमधून येते म्हणून मेडियल, प्रत्यक्षात छातीवर ती लॅटरल पेक्टोरलच्या बाहेरच्या बाजूला सापडते आणि पेक्टोरॅलिस मायनरला भोसकून जाते. मी इतके दिवस जागेवरून ओळखायला बघत होते त्यामुळे हमखास उलटं.

१३ ऑक्टोबर

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे डीएचमध्ये, आमचं टेबल डाव्या बाजूचं डिसेक्शन करतं. लेक्चरची आकृती उजव्या हाताची, म्हणजे रूट्स पानाच्या उजवीकडे आणि हात डावीकडे जाणारा. डोक्यात ते चित्र इतकं पक्कं बसलंय की डाव्या बाजूला उभं राहिलं की सगळं आरशात बघितल्यासारखं होतं. म्हणून उलटी शीट:

```
magick sheet-b.png -flop sheet-b-dava.png
```

-flop डावं उजवं करतं, -flip वरचं खाली करतं, पहिल्यांदा मी -flip मारला आणि सी५ सगळ्यात खाली आली. दुसरा गाढवपणा म्हणजे नंबर टाकलेली शीट उलटवली, सगळे नंबर पण आरशातले झाले. आधी कोरी आकृती उलटवायची, नंतर नंबर टाकायचे. आणि हे हातापायांनाच करायचं, हृदय, लिव्हर, पोटातलं काहीही उलटवू नका, दोन्ही बाजू सारख्या नसतात तिथे उलटी शीट म्हणजे चुकीची अ‍ॅनाटॉमी.

उलट्या शीटवर ९. आशा आहे.

१५ ऑक्टोबर

आज आपटले. काल रात्री शीट ब दोन्ही बाजूंनी भरली, १३ आणि १२. आज डीएचमध्ये अ‍ॅक्झिला उघडा होता, मॅडम येऊन म्हणाल्या पोस्टिरिअर कॉर्ड दाखव. मी फोर्सेप्सने लॅटरल आणि मेडियल कॉर्डच्या मधली जागा चाचपायला लागले, कारण आकृतीत लॅटरल वर, पोस्टिरिअर मधे, मेडियल खाली असं आहे. मधे काय होतं? आर्टरी. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी बोटाने आर्टरी बाजूला सारली आणि मागे जाडजूड पोस्टिरिअर कॉर्ड, पुढे तिचीच रेडियल होऊन गेलेली. सगळं टेबल बघत होतं.

कॉर्ड्सची नावं अ‍ॅक्झिलरी आर्टरीच्या दुसऱ्या भागाच्या संदर्भाने आहेत, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरच्या मागे जो भाग असतो तो. लॅटरल तिच्या बाहेरच्या अंगाला, मेडियल आतल्या अंगाला, पोस्टिरिअर मागे. हे वाक्य मी पाठ म्हणून दाखवू शकते. पण काळ्या रेषांच्या शीटवर मी आर्टरी ठेवलीच नाही, आणि मॅडमची स्लाइड म्हणजे योजनेची आकृती आहे, कागदावर मागे असं काही दाखवता येत नाही म्हणून पोस्टिरिअर मधे घातलीय. आणि मी शीट केली तेव्हा ती सपाट आकृतीच पाठ झाली. जितकी शीट जास्त वेळा भरली तितकं पोस्टिरिअर मधे हे पक्कं होत गेलं. म्हणजे माझ्या शीटने मला चुकीची गोष्ट छान शिकवली.

मग अल्नर. मी आर्टरीच्या आतल्या बाजूची एक नर्व्ह धरली आणि म्हणाले अल्नर. मेडियल क्युटेनिअस ऑफ फोरआर्म निघाली. त्या दोन्ही आर्टरी आणि व्हेनच्या मधे असतात, क्युटेनिअस पुढच्या अंगाला आणि अल्नर मागच्या. पण आमच्या टेबलवर जागा मोकळी करायला व्हेन आधीच कापून टाकलीय, त्यामुळे ती खूणच उरली नाही. मग ओळखायचं कसं? मॅडम म्हणाल्या मागे लाग तिच्या. एक मधल्या दंडाशी बॅसिलिक व्हेनच्या सोबतीने डीप फॅशियातून बाहेर येते, ती क्युटेनिअस. दुसरी कोपराशी मेडियल एपिकाँडाइलच्या मागून जाते, ती अल्नर, आणि जाडीही तिचीच जास्त. शीटवर दोन्ही एकाच जाडीच्या रेषा आहेत आणि दोन्ही अडीच सेंटिमीटरवर तुटतात, मागे लागणार कुठे.

१६ ऑक्टोबर

कालचं डोक्यातून जात नव्हतं म्हणून सकाळीच शीट क. पॉवरपॉइंट सोडलं, कागदावर पेन्सिलने.

आर्टरी आधी काढली, तुटक दोन समांतर रेषा, त्यावर आडवा पेक्टोरॅलिस मायनर, म्हणजे आर्टरीचे तीन भाग आपोआप पडले. मग लॅटरल कॉर्ड एका अंगाला, मेडियल दुसऱ्या, आणि पोस्टिरिअर आर्टरीच्या खाली, जिथे झाकली जाते तिथे ठिपक्यांनी. त्यापुढे तिसऱ्या भागाच्या वर नर्व्ह्जचा तो इंग्रजी अक्षरासारखा एम, मस्क्युलोक्युटेनिअस, मीडियन, अल्नर. मीडियनची दोन मुळं आर्टरीच्या पुढून येऊन मिळतात. अ‍ॅक्झिलरी नर्व्ह मागे वळून क्वाड्रँग्युलर स्पेसमध्ये शिरते तिथे पोस्टिरिअर सर्कमफ्लेक्स ह्युमरल आर्टरी सोबत काढली.

मस्क्युलोक्युटेनिअस कोरॅकोब्रेकिअलिसमधून आरपार जाते ते मुद्दाम काढलं, डीएचमध्ये एमची सुरुवात शोधायला सगळ्यात उपयोगी तेच आहे. मसल भोसकणारी सापडली की ती एमची बाहेरची टांग, तिच्यावरून मागे जाऊन लॅटरल कॉर्ड, तिथून दुसऱ्या फाट्याने मीडियन, आणि मग बाकीचं. पण यावर पूर्ण विसंबू नये, काही बॉडीजमध्ये ती मसलमधून जातच नाही किंवा मीडियनला जोडणारी एक फांदी असते. शेजारच्या टेबलवर तशीच फांदी आहे आणि ती मुलं दोन दिवस भांडत होती की हे नक्की काय.

लेबल आता टोकाला लावत नाही. प्रत्येक नर्व्हला दोन ठिकाणी टिंब, एक जिथून निघते तिथे आणि एक पुढे कुठेतरी, आणि दोन टिंबांचे नंबर वेगळे. अल्नरला मेडियल कॉर्डशी एक, एपिकाँडाइलच्या मागे एक. एकाच नर्व्हचं नाव दोनदा येऊ शकतं हे माहीत असल्यामुळे उरलं सुरलं ते शेवटच्या रिकाम्या चौकोनात टाकायचं, ही सवय पण सुटते. आणि शीटखाली नावांची यादी अजिबात नाही. रूममेटने तिच्या शीटखाली यादी दिलीय, तिला १४ पैकी १४ येतात, कसे ते मी विचारत नाही.

१८ ऑक्टोबर

शीट क, पहिला प्रयत्न: २० पैकी ११. दुखलं पण ठीक.

अँकीमध्ये पण टाकून बघितलं, २३.१० पासून इमेज ऑक्लूजन आतच आलंय, वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही. पहिल्यांदा ‘Hide One, Guess One’ निवडलं होतं, त्यात बाकीची सगळी नावं दिसत राहतात आणि फक्त एक झाकलेलं, मग शेजारी अपर सबस्कॅप्युलर आणि लोअर सबस्कॅप्युलर उघडे दिसत असताना मधलं काय ते शेंबडं पोरही सांगेल. ‘Hide All, Guess One’ हवं. बसमध्ये वगैरे बरं आहे, पण मला हाताने लिहिल्याशिवाय स्पेलिंग आणि क्रम बसत नाही, आणि लेखी पेपरात आकृती काढायचीच असते, त्यामुळे मुख्य काम कागदावरच.

२० ऑक्टोबर

ताईने माझ्या शीट्स बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला. इथे ट्रंक कापली तर काय जाईल? तिने पेनाने अपर ट्रंकवर फुली मारली. मी नावं सांगितली, तिने हात हलवून दाखव म्हटलं आणि मी गप्प.

म्हणून आज कट शीट. आकृतीवर नावं सगळी लिहिलेली, फक्त एका जागी फुली, आणि खाली दोन रकाने: काय गेलं, काय वाचलं. दुसरा रकाना ताईने घालायला लावला, आणि खरं सगळं त्यातच आहे.

अपर ट्रंकची फुली पूर्ण सोडवून लिहिते. सी५ आणि सी६ एकत्र येतात तिथे, एर्ब्ज पॉइंट, सहा नर्व्ह्ज भेटतात: दोन रूट्स, दोन डिव्हिजन्स, सुप्रास्कॅप्युलर आणि नर्व्ह टू सबक्लेव्हिअस. तिथे तुटलं तर सुप्रास्कॅप्युलर गेली, म्हणजे सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस. अ‍ॅक्झिलरीतले सी५ सी६ गेले, डेल्टॉइड आणि टेरीस मायनर. मस्क्युलोक्युटेनिअसचे गेले, बायसेप्स आणि ब्रेकिअलिस. आता हात काय करणार? बाजूला उचलता येत नाही म्हणून अंगाला चिकटून लोंबकळतो, बाहेर फिरवणारे गेले म्हणून आत वळतो, कोपर वाकत नाही म्हणून सरळ, आणि बायसेप्स गेल्यामुळे तळहात मागे वळतो. हातात मागून कोणीतरी गुपचूप नोट सरकवावी असा, पुस्तकात त्याला पोलिसमन्स टिप म्हणतात. बाळंतपणात खांदा अडकून मान एकीकडे ताणली गेली की नवजात बाळांत दिसतं ते हेच.

आणि काय वाचलं? लाँग थोरॅसिक. ती सी५, सी६, सी७ या रूट्समधूनच निघते, ट्रंक तयार व्हायच्या आधी. म्हणजे सेरेटस अँटिरिअर शाबूत, स्कॅप्युला पंखासारखी उघडत नाही. डॉर्सल स्कॅप्युलर पण वाचली, सी५ रूटवरूनच गेली, ऱ्हॉम्बॉइड्स ठीक. आणि जर पेशंटमध्ये हेच दोन गेलेले असतील तर इजा ट्रंकवर नाही, त्याच्याही आत, रूट्सजवळ आहे. सेरेटस आणि ऱ्हॉम्बॉइड बघून डॉक्टर जागा सांगतात ते असं.

मी एकदम शीट अ काढून बघितली. माझ्या शीटवर लाँग थोरॅसिकची रेष अपर ट्रंकला चिकटलेली होती. मॅडमच्या आकृतीत नीट रूट्सवरून निघते, मी काळ्या रंगात परत ओढताना जागा नाही म्हणून जरा पुढे सरकवली आणि गेले दहा दिवस तशीच भरतेय, नाव बरोबर लिहून मार्क घेतेय. नाव बरोबर, निघायची जागा चुकीची, आणि शीटला ते कळायचा मार्गच नव्हता. दुरुस्त केली, आणि आता ओढलेली प्रत्येक आकृती वापरायच्या आधी मूळ स्लाइडवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरून बघते, उजेडात दोन्ही रेषा एकमेकींवर दिसतात.

२२ ऑक्टोबर

आणखी दोन फुल्या, पटकन. पोस्टिरिअर कॉर्ड: डेल्टॉइड गेला, ट्रायसेप्स गेला, मनगट वर उचलता येत नाही, लॅटिसिमस पण गेला. हे सोपं आहे, सगळं मागचं जातं.

लोअर ट्रंक: हाताच्या बारीक स्नायूंची वाट, क्लॉ हँड, आणि हाताच्या आतल्या बाजूची संवेदना. इथे रकाना दोनमध्ये ताईने पकडलं, डोळ्याचं काय? इजा टी१ रूटच्या मुळाशी असेल तर सिम्पथेटिक धागे पण तिथूनच बाहेर पडतात, मग पापणी थोडी खाली, बाहुली बारीक, हॉर्नर्स. पण फुली ट्रंकवर बाहेर असेल तर डोळा ठीक. तीच गोष्ट परत, फुली कुठे मारली त्यावर सगळं.

२४ ऑक्टोबर

शीट्सची अदलाबदल. रूममेटने फुली मारायची, मी सोडवायची आणि उलट. तिने मला मीडियनच्या लॅटरल मुळावर फुली दिली, ही कुठल्या पुस्तकात असते देव जाणे, पंधरा मिनिटं भांडलो आणि शेवटी ठरलं की सी६ सी७ चे धागे त्यातून येतात म्हणून प्रोनेटर टेरीससारखे वरचे स्नायू आणि अंगठ्याच्या बाजूची संवेदना, हातातले बारीक स्नायू मेडियल मुळातून सी८ टी१ चे म्हणून वाचतात. मॅडमना विचारायचं ठेवलंय.

शीट क: २० पैकी १७. उरलेल्या तीनपैकी एक अजूनही थोरॅकोडॉर्सल. ही माझ्या पाठीमागेच लागलीय.

२९ ऑक्टोबर

पार्ट कम्प्लिशन झालं. स्पॉटर्समध्ये तिसऱ्या स्टेशनवर अ‍ॅक्झिला, उजव्या बाजूचा, दोऱ्याला बांधलेली एक नर्व्ह. व्हेन होती या वेळी पण मी तिच्याकडे बघितलंच नाही, आधी कोरॅकोब्रेकिअलिस शोधला, भोसकणारी सापडली, एम सापडला, आणि दोरा एमच्या कुठल्याच टांगेला नव्हता. आर्टरीच्या मागून येऊन खाली लॅटिसिमसकडे जात होती. थोरॅकोडॉर्सल. लिहून टाकलं आणि घंटा व्हायच्या आत परत एकदा बघितलं, खरंच तीच.

व्हायवात मीडियनच्या लॅटरल मुळाचा प्रश्न मीच मॅडमना विचारला म्हणून त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या साधारण बरोबर आहे तुमचं, पण धाग्यांची वाटणी सगळ्यांत एकसारखी नसते, इतक्या ठामपणे लिहू नका. शीटवर पेन्सिलने ‘साधारण’ लिहून ठेवलंय.

पुढचं लोअर लिंब. लंबर आणि सेक्रल प्लेक्सस, लंबरमध्ये रेषेवर रेष ठेवायला आर्टरी नाही, सोअस आहे, आणि नर्व्ह्ज त्याच्या आतून, बाहेरून, पुढून निघतात. म्हणजे आधी सोअस काढायचा, नावं नंतर. दिवाळीच्या सुट्टीत घरी पेन्सिली घेऊन जातेय, आई म्हणेल फराळ करायला ये आणि मी जिनिटोफेमोरल कुठून बाहेर येते ते बघत बसलेली असेन.